नूडल्सची दोन पाकिटं, लेबलांचे फोटो दिलेत. मामंजींच्या बीपीला कोणतं चालेल?

शहापूरची_मंजू
नमस्कार मंडळी. आमच्या मामंजींना बीपी आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हणून बजावलंय. लोणचं बंद झालं, पापड बंद झाला, पण रोज संध्याकाळी नातू नूडल्स खायला बसला की आजोबा त्याच्या शेजारी ताटली घेऊन हजर. नाही म्हणायची सोय नाही, लगेच तोंड पडतं.

दुकानातून दोन ब्रँड आणलेत. नावं मुद्दाम झाकलीत, उगाच भांडणं नकोत. एक पिवळं पाकीट, नेहमीचं. दुसरं हिरवं, त्याच्यावर नाचणीच्या कणसाचं चित्र, 'फ्राय केलेलं नाही' आणि 'नो ॲडेड एमएसजी'. दोन्हींच्या मागच्या बाजूचे फोटो खाली लावलेत. मी पाहिलं ते असं: पिवळ्यात सोडियम रोजच्या गरजेच्या ४० टक्के, हिरव्यात ३० टक्के. म्हणजे हिरवंच बरं ना? की मी काही चुकतेय? हिरव्याचा फोटो जरा चमकलाय, माफ करा. ट्यूबलाइटखाली काढलाय.

कुंदाप्रेमी
मामंजींना कुंदा द्या की वहिनी. त्यात मीठ अजिबात नसतंय.

घटप्रभा_७७
माझी शुगर २१० आहे जेवणानंतर. मला नाचणीचं हिरवं चालेल का? नाचणी शुगरला चांगली म्हणतात.

हिंडलगा_रोड
ताई, हिरवंच घ्या. एक तर एमएसजी नाही, आणि नूडल्समधलं सगळं सोडियम एमएसजीतूनच येतं. दुसरं म्हणजे हे आकडे कोरड्या पाकिटाचे असतात. तुम्ही त्यात दीड-दोन कप पाणी घालता, म्हणजे खाताना सोडियम आपोआप एक तृतीयांशावर येतं. लोक हे विसरतात आणि उगाच घाबरतात.

खानापूरचा_दुकानदार
पाणी घालून सोडियम कमी होतंय म्हणे. मग आमच्या गिऱ्हाइकांचं काय? शाळा सुटली की पोरं पाच-दहाचं पाकीट घेतात, दुकानाच्या कट्ट्यावरच मुठीनं चुरतात, वर मसाला ओततात, पाकीट खदाखदा हलवतात आणि तसंच कोरडं खातात. शेवटी पाकिटाच्या कोपऱ्यातला मसाला बोटानं चाटून काढतात. त्यांच्यात पाणी शून्य.

निपाणीकर_काका
मंजूताई, फोटो लावलेत हे फार बरं केलंत. मी पुण्याला एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात क्वालिटीला वीस वर्षं काढली, आता निवृत्त होऊन गावी आलोय. लेबल दिसलं की हात शिवशिवतात.

आधी हिंडलगा रोड यांचं. पाण्यानं वाटीतला खारटपणा पातळ होतो, वाटीतलं मीठ कमी होत नाही. मामंजी रस्सा पिणार असतील तर पाकिटातलं सगळं सोडियम पोटात जाणार, पाणी एक कप घाला नाहीतर एक घागर. हां, उकळलेलं पाणी ओतून टाकलं तर गोष्ट वेगळी, त्यावर नंतर लिहितो. आणि एमएसजीचं म्हणाल, तर त्यात वजनाच्या साधारण १२ टक्के सोडियम असतं, साध्या मिठात ३९ टक्के. शिवाय मसाल्यात मीठ घालतात त्याच्या मानानं एमएसजी थोडंच पडतं. नूडल्सचं बहुतेक सोडियम साध्या मिठातून येतं. 'नो ॲडेड एमएसजी' वाचून मीठ कमी असेल असं समजायचं काही कारण नाही.

आता तुमचा प्रश्न. ४० आणि ३० हे टक्के कशाचे, ते पाहा. आपल्याकडे लेबलावरचा टक्का हा 'एका सर्व्हिंग'चा असतो, आणि रोजचा हिशेब २००० मिलिग्रॅम सोडियमवर धरलेला असतो. सर्व्हिंग किती ग्रॅमचं, ते कंपनी ठरवते. पिवळ्यावर '१ सर्व्ह = ७० ग्रॅम' स्वच्छ दिसतंय, म्हणजे अख्खं पाकीट. हिरव्यावर सर्व्हिंगची ओळ नेमकी पाकिटाच्या चिकटवलेल्या घडीखाली गेलीय. ती ओळ दिसल्याशिवाय ४० आणि ३० ची तुलना करू नका.

शहापूरची_मंजू
काका, हिरवं पाकीट घरात नाही आत्ता. पोरानं काल संध्याकाळीच फस्त केलं. कागद कचऱ्याच्या गाडीत गेला. फोटो तेवढाच आहे. उद्या परत आणते.

निपाणीकर_काका
उद्यापर्यंत थांबायची गरज नाही. फोटोत आहे तेवढ्यावरून काढता येतं.

हिरव्याचा '१०० ग्रॅममध्ये' हा रकाना दिसतोय. त्यात सोडियम १४८० मिलिग्रॅम. शेजारी सर्व्हिंगचा टक्का ३०. २००० चे ३० टक्के म्हणजे ६००. १०० ग्रॅममध्ये १४८० असेल तर ६०० किती ग्रॅममध्ये? साधारण ४० ग्रॅममध्ये. म्हणजे हिरव्याचं एक सर्व्हिंग ४० ग्रॅमचं. आणि पाकिटाच्या समोर डाव्या कोपऱ्यात निव्वळ वजन ८० ग्रॅम लिहिलंय. याचा अर्थ पाकिटात दोन सर्व्हिंग आहेत आणि तुम्ही वाचलेला ३० टक्के हा अर्ध्या पाकिटाचा आहे.

आत वडी एकच होती ना? ती कुणी अर्धी मोडून उकळत नाही. पाकीट फुटलं की संपलं.

कुंदाप्रेमी
अर्धं पाकीट नातवाचं, अर्धं आजोबांचं. कंपनीला तुमचं घर माहीत आहे वहिनी.

शहापूरची_मंजू
😄 नातू आजोबांना अर्धं ठेवतोय होय.

काका, आत एकच वडी होती, हे खरं. म्हणजे अख्ख्या हिरव्या पाकिटात ६० टक्के झालं की.

निपाणीकर_काका
जवळजवळ. नेमकं सांगायचं तर १४८० चे ८० टक्के, म्हणजे ११८४ मिलिग्रॅम. पिवळ्यात १०० ग्रॅममागे ११५०, पाकीट ७० ग्रॅमचं, म्हणून ८०५. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ किती ते कळतं. पिवळ्या पाकिटात सुमारे २ ग्रॅम मीठ, हिरव्यात ३ ग्रॅमला किंचित कमी. दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं म्हणतात, ते यासोबत ठेवून बघा.

अथणीकर
एवढा हिशेब करण्यापेक्षा ही थेरं घरात आणूच नका की. आमच्या आज्जी उन्हाळ्यात पाटावर शेवया वळायच्या, अंगणात बाजेवर वाळत घालायच्या. त्याचा उपमा करा, वर ओलं खोबरं, कोथिंबीर. ना मीठ, ना तेल.

गोळीवाली
अथणीकर, तुमच्या आज्जीच्या शेवयांना नमस्कार, पण उपम्यात मीठ घालत नव्हत्या का? मी चिकोडीला औषधाच्या दुकानात असते. बीपीचे पेशंट रोज सांगतात, 'आम्ही बाहेरचं काहीच खात नाही'. घरी चमचा मोजला तर कळतं. सपाट चहाचा चमचाभर मीठ म्हणजे पाच-सहा ग्रॅम. दोघांच्या उपम्याला अर्धा चमचा सहज पडतं, म्हणजे माणशी सव्वा ते दीड ग्रॅम. पाकिटापेक्षा कमी आहे, मान्य, पण 'ना मीठ' नव्हे. घरच्या मिठाला लेबल नसतं, एवढंच.

अथणीकर
अर्ध्या चमच्याचा उपमा खारट होतोय ओ. आमच्यात पाव चमचा घालतात.

गोळीवाली
मग तुमच्या घरच्यांचं कौतुक आहे. आमच्या सासूबाई अंदाजानं मूठ टाकतात.

वडगावचा_भाचा
काका, एक शंका. हिरव्याच्या फोटोत फॅटची ओळ ट्यूबलाइटच्या चमकीत गेलीय. मला तिथं '४.५' दिसतंय, पण त्याच्या आधी एखादा १ असू शकतो, पांढरा पट्टा आहे नेमका तिथं. ४.५ की १४.५? यात फार फरक पडतो. मी झूम करून करून थकलो.

निपाणीकर_काका
शाब्बास. मीही तिथंच अडखळलो होतो. झूम करून अंक येणार नाही, चमकीत तो मेलेला असतो. बाकीच्या ओळींवरून काढायचा.

हिरव्यात १०० ग्रॅमला ऊर्जा ३६८ किलोकॅलरी, प्रथिनं ११ ग्रॅम, कर्बोदकं ७१ ग्रॅम. या तिन्ही ओळी स्वच्छ आहेत. प्रथिनांच्या आणि कर्बोदकांच्या प्रत्येक ग्रॅममागे ४ कॅलरी धरतात, फॅटच्या ९. अकरा चोक चव्वेचाळीस, एकाहत्तर चोक दोनशे चौऱ्याऐंशी, मिळून ३२८. ऊर्जा ३६८, म्हणजे फॅटसाठी उरल्या ४०. त्याला ९ नं भागा, साडेचारच्या आसपास येतं. १४.५ असतं तर ऊर्जा साडेचारशेच्या वर गेली असती. तेव्हा ४.५.

पिवळ्याचाही ताळा करून ठेवलाय: प्रथिनं ९, कर्बोदकं ६६, फॅट १५.५, येतं ४४० च्या जवळ. लेबलावर ४४० च आहे. एखाद-दोन कॅलरीचा फरक आला तर सोडून द्यायचा, ते आकडे राउंड केलेले असतात. पण पन्नास-साठचा फरक दिसला तर समजायचं की आपण अंक चुकीचा वाचला किंवा दुसऱ्याच रकान्यातला उचलला. ही रकान्याची चूक फार होते. एका ब्रँडचा १०० ग्रॅमचा आकडा आणि दुसऱ्याचा सर्व्हिंगचा, असे शेजारी मांडून लोक भांडत बसतात.

हिंडलगा_रोड
एमएसजीचं मान्य, शिकलो. पण मग फॅटमध्ये हिरवं जिंकलं की नाही? पाकिटाला ३.६ विरुद्ध जवळजवळ ११. तिप्पट फरक. मी म्हणत होतो ते पूर्ण चुकीचं नव्हतं.

निपाणीकर_काका
नव्हतंच. फॅटमध्ये हिरवं सरळ पुढं आहे आणि त्याचं कारण मागच्या यादीतच आहे. पिवळ्याच्या वडीच्या यादीत मैद्यानंतर लगेच पाम तेल. ती वडी तेलात तळून वाळवलेली असते, तळताना पाणी निघून जातं आणि त्या जागी तेल शिरतं. हिरवी वडी गरम हवेवर वाळवलेली, तेल यादीत बरंच खाली. पाम तेलातलं जवळपास निम्मं फॅट सॅच्युरेटेड असतं. पिवळ्यात १०० ग्रॅमला ७.४ सॅच्युरेटेड आहे, ते तिथूनच आलंय. हिरव्यात २.

कोलेस्टेरॉलवाला माणूस विचारत असता तर मी हिरवं म्हणालो असतो आणि विषय संपवला असता. इथं बीपीवाला विचारतोय.

घटप्रभा_७७
माझ्या शुगरचं राहिलं बघा.

गोळीवाली
घटप्रभा दादा, हिरव्याच्या यादीत नाचणी किती आहे ते वाचा. समोर एवढं मोठं कणीस काढलंय, मागे 'नाचणीचं पीठ ५ टक्के*' आणि त्या चांदणीची तळटीप सगळ्यात खाली: 'नूडल्सच्या वडीमध्ये'. म्हणजे मसाला सोडून राहिलेल्या वडीच्या ५ टक्के. काका, वडी किती ग्रॅमची असेल?

वडगावचा_भाचा
थांबा, मी सांगतो. आमच्या शेजारच्या सोनाराकडं काटा आहे, संध्याकाळी दोन्ही पाकिटं घेऊन गेलो. तो म्हणाला, आजपर्यंत गंठण मोजलं, बोरमाळ मोजली, नूडल्स पहिल्यांदा. हिरवी वडी ७१ ग्रॅम, मसाला ९. पिवळी वडी ६२.५, मसाला ७.५. मसाला पुडी फाडून कागदावर ओतून मोजलाय, पुडीचं वजन धरलेलं नाही.

आणि हो, हिरव्याची घडी उलगडून पाहिली. '१ सर्व्ह = ४० ग्रॅम. या पाकिटात सुमारे २ सर्व्ह.' काकांचा हिशेब बरोबर.

गोळीवाली
मग ७१ चे ५ टक्के म्हणजे साडेतीन ग्रॅम नाचणी. जेमतेम चहाचा चमचाभर पीठ. यादीत पहिला 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' आहे, म्हणजे आपला मैदा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. घटप्रभा दादा, तुमच्यासाठी हा मैदाच समजा, आणि खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा शुगर तपासा. मीटर खोटं बोलत नाही.

घटप्रभा_७७
घरवाली म्हणालीच होती.

कुंदाप्रेमी
पाकिटावर मराठी नाही, कन्नड नाही, नुसतं बारीक इंग्लिश. सीमाभागात निदान या एका बाबतीत दोन्ही बाजूंवर सारखाच अन्याय आहे.

खानापूरचा_दुकानदार
😂😂 यावर मोर्चा काढा, दुकान बंद ठेवून मी येतो.

शहापूरची_मंजू
मोर्चा नंतर. मला आता असं वाटायलंय की पिवळंच द्यावं, पण मसाला अर्धाच घालावा. अर्धा मसाला म्हणजे अर्धं मीठ, ८०५ चे ४०० झाले. बरोबर?

निपाणीकर_काका
इथंच बहुतेक जण फसतात ताई. मीठ फक्त मसाल्यात नसतं. वडीच्या यादीतही तिसऱ्या-चौथ्या नंबरला 'सॉल्ट' आहे, दोन्ही पाकिटांत. पीठ मळतानाच मीठ आणि थोडे क्षार घालतात, त्यानं वडीला ताण येतो, शिजताना ती लगदा होत नाही. यादीतलं आयएनएस ५००(i) हे त्यातलंच एक, सोडियम कार्बोनेट. लेबलावरचा सोडियमचा आकडा वडी आणि मसाला मिळून असतो, वाटणी करून कुणी देत नाही.

तरी अंदाज करता येतो. हा माझा कामावरचा अंदाज आहे, लेबलाचा नव्हे, तेव्हा सुईच्या टोकावर मोजू नका. अशा वडीत तिच्या वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास मीठ धरलं, तर पिवळ्या वडीतून साडेतीनशे ते चारशे मिलिग्रॅम सोडियम येतं. उरलेलं चारशे-साडेचारशे मसाल्याचं. अर्धा मसाला टाकून दिला तर कमी होणार दोनशे-सव्वादोनशे. ८०५ चे ६०० होतील, ४०० नाही.

हिरव्यात मात्र वेगळं आहे. वडीतून साधारण चारशे धरलं तर मसाल्यातून पावणेआठशेच्या वर येतंय, आणि मसाला ९ ग्रॅमच. याला पुरावा आहे. दोन्ही मसाल्यांच्या याद्या शेजारी ठेवा. पिवळ्यात आधी मसाल्याचे पदार्थ, मग साखर, मग मीठ. हिरव्यात पहिलाच शब्द मीठ. तळलेलं नाही म्हणून वडीला चव कमी, ती चव मिठानं भरून काढलीय असा माझा तर्क.

गंमत बघा. हिरव्याचा अर्धा मसाला काढला तर ११८४ वरून आठशेच्या खाली-वर येतं. म्हणजे अर्ध्या मसाल्याचं हिरवं आणि पूर्ण मसाल्याचं पिवळं, सोडियममध्ये बरोबरीत. फॅट मात्र एक तृतीयांश.

वडगावचा_भाचा
आणि ते उकळलेलं पाणी ओतून टाकायचं काय झालं? नंतर लिहितो म्हणाला होता.

निपाणीकर_काका
विसरलोच. वडी वेगळ्या पाण्यात मसाल्याशिवाय उकळायची, पाणी ओतून द्यायचं, मग ताज्या गरम पाण्यात थोडा मसाला. वडीतलं काही मीठ त्या पहिल्या पाण्यात निघून जातं, तळलेली असेल तर थोडं तेलही तरंगून जातं. किती जातं ते पाणी किती, उकळलं किती वेळ, यावर आहे. मी आकडा देणार नाही. मसाला घालून शिजवल्यावर शेवटी रस्सा टाकून दिला तरी फायदा होतो, पण शेवयांनी तोवर खारं पाणी पिलेलं असतं.

अथणीकर
पहिलं पाणी ओतायचं, मसाला अर्धा टाकायचा, वर भाजी घालायची. म्हणजे राहिलं काय? शेवयांचा उपमाच झाला की.

गोळीवाली
😄 अथणीकर, यावेळी तुम्ही जिंकलात.

पण मंजूताई, एक गंभीर गोष्ट. पिवळ्याच्या मसाल्याच्या यादीत आयएनएस ५०८ आहे. ते पोटॅशियम क्लोराइड. खारट लागतं आणि त्यात सोडियम नसतं, म्हणून मिठाच्या जागी थोडं वापरतात. पिवळ्याचं सोडियम कमी दिसतंय त्याला थोडं हेही कारण असू शकतं. बऱ्याच लोकांना त्यानं काही होत नाही. पण किडनीचा त्रास असेल, किंवा पोटॅशियम वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल, तर विचारल्याशिवाय पोटॅशियमवालं काही देऊ नये. मामंजींची गोळी कोणती? आणि क्रिएटिनिन शेवटचं कधी बघितलं?

शहापूरची_मंजू
गोळीच्या नावाच्या शेवटी 'सार्टन' आहे. क्रिएटिनिन गेल्या महिन्यात १.५ आलं होतं. डॉक्टर 'किंचित वाढलंय, तीन महिन्यांनी परत बघू' म्हणाले.

गोळीवाली
मग हे डॉक्टरांना दाखवूनच ठरवा. सार्टनच्या गोळ्यांनी पोटॅशियम वाढू शकतं. ५०८ किती आहे ते लेबल सांगत नाही, यादीत खूप मागं आहे म्हणजे थोडंच असणार. पण मी पाकीट बघून 'चालेल' म्हणणार नाही. बाजारात ते लो सोडियम मीठ मिळतं ना, त्यात तर हेच भरपूर असतं. कुणी सुचवलं तर तेही आधी विचारून.

हिंडलगा_रोड
म्हणजे पिवळ्यात फॅट आणि पोटॅशियम, हिरव्यात मीठ. शेवटी उत्तर काय?

निपाणीकर_काका
मला विचाराल तर हिरवं, मसाला पाव पुडी, वडीचं पहिलं पाणी ओतून. गोळीवालीताईंचं मत वेगळं असू शकतं.

गोळीवाली
आहेच वेगळं. पाव पुडीवर माणूस चार दिवस राहतो, पाचव्या दिवशी पूर्ण पुडी. मी म्हणेन आठवड्यातून एकदा, आणि रोजच्या ताटलीत दुसरं काही.

शहापूरची_मंजू
काल संध्याकाळचं सांगते. हिरवं पाकीट आणलं. वडी वेगळी उकळली, पाणी मोरीत ओतलं, गाजर, वाटाणे, कांदा परतून घातला. मसाल्याची पुडी कात्रीनं कोपऱ्यात कापली, पाव पुडी घातली आणि उरलेली पुडी घडी घालून डब्यात ठेवली. वरून लिंबू पिळलं, मिरपूड टाकली. मामंजींनी एक घास खाल्ला, ताटलीकडं बघितलं, म्हणाले, "आज पोरानं आधी खाऊन ठेवलंय की काय, चव कुठं गेली?" मग शेवटपर्यंत खाल्लं. नातवानं मात्र त्यांच्या नकळत डबा उघडून उरलेल्या पुडीतला मसाला आपल्या वाटीत ओतला, म्हणजे त्याच्या पोटात पावणेदोन पुड्या. आता त्याचाही हिशेब करायला हवा.

शुक्रवारी डॉक्टरांकडं जाणार, दोन्ही लेबलांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवलेत. यावेळी उन्हात, घडी उलगडून, सपाट टेबलावर काढलेत.

खानापूरचा_दुकानदार
ताई, ते फोटो दाखवायच्या आधी एक बघा. आज रविवार पेठेतून माझा नवा माल आला. तेच हिरवं पाकीट, तेच कणीस, किंमत तीच. पण निव्वळ वजन ७५ ग्रॅम झालंय आणि मागचा तक्ताही बदललेला वाटतोय. सोडियमच्या ओळीवर बॅचचा शिक्का आलाय, मला वाचता येईना. तुमचं कोणत्या बॅचचं आहे?

शहापूरची_मंजू
अगं बाई. माझं ८० चंच आहे. दादा, ऊर्जा, प्रथिनं, सर्व्हिंगचा टक्का, दिसतंय ते सगळं इथं टाका. काका आहेत.